बीमचा विक्षेप: फरकाचे कारण आधी जाडीत शोधावे

> '८०० मिमी गाळा, २५ × ५ मिमी पोलादी पट्टी, मध्यभागी १० न्यूटन. गणिताने २.०५ मिमी, डायल गेजवर २.३५ मिमी. निष्कर्षात "मानवी चूक" लिहू का?'

तसे लिहू नये, कारण त्या शब्दांतून फरकाची दिशाही कळत नाही आणि प्रमाणही. δ = WL³/48EI या सूत्रात I = bh³/12 असल्याने जाडीचा घन येतो; म्हणून दुकानदाराने सांगितलेली ५ मिमी जाडी न धरता पट्टी तीन ठिकाणी मायक्रोमीटरने मोजावी. ती प्रत्यक्षात ४.८ मिमी भरली, तर केवळ ०.२ मिमीच्या फरकाने गणिती विक्षेप २.३१ मिमी होतो आणि बहुतेक तफावत तिथेच संपते. E चे मूल्य २०० ऐवजी २१० गिगापास्कल धरले तर उत्तर आणखी कमी येते, त्यामुळे ते कारण इथे लागू पडत नाही.

उरलेल्या ०.०४ मिमीसाठी भार टप्प्याटप्प्याने वाढवून आलेख काढावा. रेषा सरळ असूनही शून्यातून जात नसेल, तर पहिल्या वजनाखाली आधार बसले किंवा गेजचे शून्य चुकले, असे मानता येते. चढ मात्र त्याने बदलत नाही, म्हणून तुलना एका वाचनाऐवजी चढाशी करावी. वजने उतरवताना त्याच भाराला वेगळे वाचन आले, तर आधारांवरील किंवा गेजच्या दांड्यातील घर्षणाचा उल्लेख आकड्यासह करावा.