शब्दचर्चा : हिंदी अभिप्रायातील ‘ठीक-ठाक’ मराठीत आणताना

मृणाल
ग्राहकांनी वस्तूंविषयी लिहिलेले हिंदी अभिप्राय मराठीत आणण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. अट अशी आहे की मूळ लेखकाचा सूर, त्याच्या पसंती-नापसंतीची तीव्रता आणि त्याने सांगितलेल्या गोष्टी यांपैकी काहीही बदलता कामा नये. मिक्सरविषयीचा एक अभिप्राय देते :

‘मिक्सर ठीक-ठाक है। आवाज़ काफ़ी करता है, पर चटनी बारीक पीस देता है। डेढ़ महीने में ही जार का ढक्कन ढीला पड़ गया, सर्विस सेंटर वालों का कहना है कि वॉशर घिस गया है। इस दाम में और क्या चाहिए!’

माझा कच्चा मसुदा असा आहे : ‘मिक्सर ठीकठाक आहे. आवाज खूपच करतो, पण चटणी बारीक वाटून देतो. दीड महिन्यात वायसर झिजल्यामुळे भांड्याचे झाकण सैल झाले. या किमतीत आणखी काय हवे!’ ‘ठीकठाक’ तसाच ठेवावा की नाही, एवढीच माझी शंका आहे.

निशिकांत
शब्दाला शब्द लावण्यापेक्षा भावानुवाद करावा. हिंदीतला ‘ठीक-ठाक’ म्हणजे लिहिणारा फारसा खूश नाही, म्हणून ‘मिक्सर काही खास नाही’ असे सरळ मराठी लिहावे. वायसरच्या वाक्यात ‘झिजला आहे म्हणे’ असे केले तर वाक्य अस्सल मराठी वळणाचे होईल.

श्रीपाद
वाक्य मराठी वळणाचे असावे, हे निशिकांतरावांचे म्हणणे मला मान्य आहे. पण त्यांच्या दोन्ही सूचनांनी अभिप्राय मुळाहून कडक होतो. ‘काही खास नाही’ या वाक्यात नकार आहे आणि मुळात नकार नाही. हिंदी बोलणारा ‘ठीक-ठाक’ म्हणतो तेव्हा वस्तूला तो मधोमध ठेवतो, म्हणजे तक्रार करत नाही आणि कौतुकही करत नाही. ‘ठीकठाक’ मात्र मराठीत उलट्या दिशेला जातो, कारण आपण ‘घर ठीकठाक केले’ किंवा ‘सगळे ठीकठाक आहे ना?’ असे म्हणतो, तेव्हा अर्थ ‘व्यवस्थित, जागच्या जागी’ असा असतो. त्यामुळे ‘मिक्सर ठीकठाक आहे’ हे वाचणाऱ्याला मिक्सरमध्ये काही बिघाड नाही असे वाटेल आणि तिसऱ्या वाक्यात झाकण सैल झालेले पाहून तो बुचकळ्यात पडेल. मी ‘मिक्सर बरा आहे’ असे लिहीन.

मृणालताई, माझ्या मते तुमच्या मसुद्यातली मोठी अडचण वायसरच्या वाक्यात आहे. मुळात ग्राहकाने स्वतः पाहिलेली गोष्ट एकच आहे, ती म्हणजे झाकण सैल झाले. वायसर झिजल्याचे तो स्वतः सांगत नसून सर्व्हिस सेंटरचे म्हणणे पोचवतो आहे, आणि ते त्याला पटले की नाही याविषयी काहीही बोलत नाही. ‘वायसर झिजल्यामुळे’ असे लिहिताच दुसऱ्याने सांगितलेले कारण ग्राहकाच्या तोंडी सिद्ध गोष्ट म्हणून येते. ‘म्हणे’ लावले तर त्याच वाक्यात अविश्वास शिरतो, कारण मराठीतला ‘म्हणे’ क्वचितच निर्विकार असतो. ‘वायसर झिजला आहे, असे सर्व्हिस सेंटरवाल्यांचे म्हणणे आहे’ हे वाक्य थोडे लांबते, पण कोण काय म्हणाले हे त्यात जसेच्या तसे राहते.

मृणाल
हे माझ्या ध्यानातच आले नव्हते, कारण दोन वाक्ये जोडून एक केल्याने मराठी सुटसुटीत झाले असेच मला वाटत होते. ‘खूपच’ चालेल का?

श्रीपाद
‘काफ़ी’साठी ‘बराच’ पुरे. ‘खूपच’मधल्या ‘च’ने वैताग दिसतो, तो मुळात नाही. गंमत अशी की जिथे ‘च’ हवा होता तिथून तो गळला आहे. ‘डेढ़ महीने में ही’ यातला ‘ही’ ‘इतक्या लवकर’ ही तक्रार करतो, म्हणून ‘दीड महिन्यातच’ लिहायला हवे. बाकी ‘वाटून देतो’ उत्तम आहे, कारण काम बिनबोभाट करून देण्याची मुळातली छटा त्यात उतरली आहे.

सुहास
विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आमचे मालवणजवळ न्याहारी-निवास आहे. एका मराठी पाहुण्यांनी लिहिले आहे : ‘जेवण एकदम भारी, खोली बरी होती, दुसऱ्या दिवशी मासे ताजे नसल्यासारखे वाटले.’ हिंदी भाषक पाहुण्यांसाठी मी हे हिंदीत देणार आहे. माशांचे वाक्य गाळले तर चालेल ना? त्या दिवशी वाऱ्यामुळे होड्या गेल्या नव्हत्या आणि मासे बर्फातले होते, हे मी त्यांना आधीच सांगितले होते.

श्रीपाद
सुहासराव, वाक्य गाळले की ते त्या पाहुण्यांचे मत राहत नाही. तुमचे स्पष्टीकरण खरे आहे, पण त्याची जागा अनुवादाखाली, मालकाचे उत्तर म्हणून आहे. उलट नीट अनुवाद केलात तर तो तुमच्याच बाजूचा आहे. पाहुण्यांनी ‘मासे शिळे होते’ असे म्हटलेले नाही, ‘ताजे नसल्यासारखे वाटले’ असे म्हटले आहे. घाईत कोणी ‘मछली बासी थी’ असे लिहिले तर एका माणसाचा अनुभव थेट आरोप होऊन बसेल. ‘दूसरे दिन मछली ताज़ी नहीं लगी’ एवढे पुरेसे आहे. तसेच ‘एकदम भारी’चे ‘एकदम भारी’ करू नका, हिंदीत ‘भारी खाना’ म्हणजे पचायला जड जेवण. ‘खाना एकदम बढ़िया’ म्हणा.

सुहास
पटले. गाळत नाही, खाली उत्तर लिहितो. आणि खोली ‘बरी’ होती, त्याचे काय करू?

श्रीपाद
‘कमरा ठीक-ठाक था.’ मृणालताईंचाच शब्द, उलट्या वाटेने.

वर्षा
मी नागपूरची आहे. आमच्याकडे मराठी बोलतानाही ‘कसा आहे सिनेमा?’, ‘ठीकठाक आहे’ असे सर्रास म्हणतात आणि त्याचा अर्थ हिंदीतल्यासारखाच, ‘मधला’ असा असतो. त्यामुळे हा शब्द मराठीत चुकीचाच आहे, हे मला मान्य नाही. शिवाय ‘बरा आहे’ हे मला ‘ठीक-ठाक’पेक्षा किंचित अधिक पसंतीचे वाटते. कोणी तब्येत विचारली तर ‘बरा आहे’ याचा अर्थ चांगलाच असतो.

श्रीपाद
वर्षाताई, नागपूरच्या वाचकापुरते तुमचे म्हणणे योग्य आहे आणि मी तो वापर चूक ठरवत नाही. अनुवाद पुण्यात, लातूरमध्ये आणि बेळगावातही वाचला जाणार असेल तर दोन दिशांना जाणारा शब्द टाळावा, एवढेच मी म्हणतो. ‘बरा’विषयी मात्र मी विचार करतो, कारण वस्तूविषयी बोलताना मला तो कोमटच वाटतो. एक पडताळा उपयोगी पडतो. अभिप्रायासोबतचे तारे झाकून मूळ मजकूर एका हिंदी वाचकाला आणि अनुवाद एका मराठी वाचकाला द्यावा, आणि पाचांपैकी किती तारे दिले असतील ते दोघांना विचारावे. उत्तरांत मोठा फरक पडला तर तीव्रता कुठे तरी हलली आहे असे समजावे. अर्थात ‘सर्व्हिस सेंटरचे म्हणणे’सारखी चूक या पडताळ्यात सापडत नाही, ती वाक्यागणिक ‘हे कोण सांगते आहे?’ असे विचारूनच शोधावी लागते.

निशिकांत
‘म्हणे’ मी मागे घेतो. पण शेवटचे वाक्य उघड टोमणा आहे. झाकण सैल झाल्यावर लगेच ‘और क्या चाहिए!’ आले आहे. तिथे ‘या किमतीत दुसरे काय मिळणार!’ असे हवे.

मृणाल
मला ते मनापासून लिहिलेले वाटले, कारण चटणी बारीक होते आणि किंमतही कमी आहे.

श्रीपाद
मुळातच दोन्ही वाचने शक्य असतील तर अनुवादकाने एक निवडू नये. ‘आणखी काय हवे!’ हे मराठीतही दोन्ही सुरांत वाचता येते, म्हणून ते तसेच राहू द्यावे. ‘दुसरे काय मिळणार’ने एक दार बंद होते.

मृणाल
आता असे झाले आहे : ‘मिक्सर बरा आहे. आवाज बराच करतो, पण चटणी बारीक वाटून देतो. दीड महिन्यातच भांड्याचे झाकण सैल झाले, वायसर झिजला आहे असे सर्व्हिस सेंटरवाल्यांचे म्हणणे आहे. या किमतीत आणखी काय हवे!’ ‘बरा’ आणि ‘बराच’ लागोपाठ येतात, ते कानाला खटकते.

वर्षा
म्हणूनच ‘मिक्सर ठीक आहे’ करा. खटकणेही जाईल आणि माझी शंकाही. तारे झाकून मी घरात वाचायला दिले, तर ‘बरा’ला आईने चार सांगितले आणि ‘ठीक’ला तीन.

श्रीपाद
माझ्या घरी दोन्हींना तीनच आले. तरीही खटकणे जाते म्हणून मृणालताईंनी ‘ठीक आहे’ घ्यावे. ‘बरा’ नागपुरात खरोखर वरचा आहे का, हे तिथल्या आणखी कोणी सांगितले तर हवे आहे.