मदत हवी आहे: दरवर्षीच्या अवशिष्ट उत्पन्नाची बेरीज एनपीव्हीशी का जुळत नाही?

ताळेबंद_वाचक: एका प्रकल्पात आज 300 गुंतवायचे आहेत. तीन वर्षे दरवर्षी 130 रोख येतील, सरळ रेषेने 100 घसारा धरला आहे आणि भांडवलाचा खर्च 10 टक्के आहे. कर बाजूला ठेवला आहे. एनपीव्ही, म्हणजे निव्वळ वर्तमान मूल्य, 23.29 येते. दरवर्षीच्या 30 नफ्यातून त्या वर्षाच्या सरासरी पुस्तकी मूल्यावरचा भांडवली आकार वजा केल्यावर 5, 15 आणि 25 उरतात, परंतु त्यांचे वर्तमान मूल्य 35.73 भरते. चूक कुठे आहे?

आकडेमोड: दोष घसाऱ्याचा असावा. सरळ रेषेने धरलेला घसारा प्रकल्पाचे खरे मूल्य दाखवत नाही, म्हणून तो बदलून पाहावा.

जुना_विश्लेषक: घसारा वर्षावर्षाचे चित्र बदलतो हे खरे, पण येथील फरक त्याचा नाही. रोख प्रवाह वर्षाअखेरीस येतात असे धरल्यावर आकार वर्षारंभीच्या पुस्तकी मूल्यावर बसवावा लागतो, कारण तेवढे भांडवल वर्षभर अडकलेले असते. तो 30, 20 आणि 10 होतो, अवशिष्ट उत्पन्न 0, 10 आणि 20 राहते आणि वर्तमान मूल्य 0 + 8.26 + 15.03, म्हणजे 23.29 येते. सरासरी घेतल्यामुळे तुम्ही दरवर्षी 5 आकार कमी लावला, आणि नेमक्या त्याच 5 चे तीन वर्षांचे वर्तमान मूल्य जास्तीचे आले आहे.

आता घसारा 150, 100 आणि 50 धरून पाहा. अवशिष्ट उत्पन्न उणे 50, 15 आणि 75 होते, तरी वर्तमान मूल्य 23.29 च राहते, कारण आज जास्त घसारा दाखवला तर पुढचा आकार तेवढ्याच हिशेबाने घटतो. अट एवढीच की एकूण घसारा 300 असावा आणि कोणतीही रक्कम नफ्याला वळसा घालून थेट राखीव निधीत जाऊ नये.

विभागप्रमुख_३: आमच्याकडे ईव्हीए, म्हणजे अवशिष्ट उत्पन्नाचाच एक प्रकार, काढताना कर्जावरचे व्याज वजा केलेल्या नफ्यातून पुन्हा भांडवली आकार वजा करतात, आणि प्रकल्प चांगला असूनही आकडा सतत उणे येतो. हाच प्रकार आहे का?

जुना_विश्लेषक: नाही, तो वेगळा दोष आहे. भांडवलाच्या भारित सरासरी खर्चात कर्जाचा मोबदला आधीच धरलेला असतो, म्हणून ईव्हीएचा नफा करोत्तर पण व्याजपूर्व असावा लागतो. तुमच्याकडे व्याज दोनदा मोजले जाते.

ताळेबंद_वाचक: आता हिशेब जुळला. पण पहिल्या वर्षी शून्य, किंवा दुसऱ्या घसाऱ्याने उणे 50 दिसले, तर त्या आकड्यावर बोनस ठरणारा व्यवस्थापक हा प्रकल्प मांडेल का?

जुना_विश्लेषक: बहुधा टाळेल. वार्षिकी पद्धतीचा घसारा घेतला तर दरवर्षी सुमारे 9.37 समान दिसते, मात्र त्यासाठी रोख प्रवाहाचा अंदाज आधीच मान्य करावा लागतो, आणि तो अंदाज बहुतेक वेळा त्याच व्यवस्थापकाने केलेला असतो.

आकडेमोड: मग अंदाज फुगवून मांडला गेला, तर तो पकडायचा कोणी आणि कोणत्या वर्षी?