मदत हवी आहे: घुमणाऱ्या हॉलमध्ये टोकनची रेकॉर्डेड घोषणा कळत नाही

खानापूरकर
तालुक्यातल्या एका मंगल कार्यालयात आरोग्य तपासणी शिबिर आहे. हॉल साधारण 36 मीटर लांब, 18 मीटर रुंद, वर पत्रा, खाली फरशी, भिंतींना टाइल्स. टाळी वाजवली की जवळजवळ चार सेकंद घुमते. टोकनच्या घोषणा मराठीत आणि कन्नडमध्ये आधीच रेकॉर्ड करून लावायच्या आहेत. "टोकन क्रमांक एकशे सत्तेचाळीस, खोली क्रमांक तीन" हे मागच्या खुर्च्यांवर नुसतं घोंघावतं. स्टेजवर 15 इंची दोन बॉक्स आहेत. रेकॉर्डिंग कसं करावं?

मंडपवाला_निपाणी
सोपं आहे. एकेक शब्द ओढून, सावकाश बोलायला लावा. ट्रेबल चढवा, बास कमी करा आणि आवाज वाढवा. मागे आपोआप पोचतं.

ध्वनी_बेळगाव
अण्णा, बास कमी करण्याचं अगदी बरोबर. पण आवाज वाढवला की घुमाराही तेवढाच वाढतो, त्यामुळे कळणं सुधारत नाही. शब्द ओढण्यानं तर उलटच होतं. "साssत" म्हटलं की त्या "आ"ची शेपूट हॉलमध्ये रेंगाळते आणि पुढच्या शब्दातलं व्यंजन तिच्याखाली दबतं. शब्द नेहमीच्याच लांबीचा ठेवा, थांबायचं ते शब्दांच्या मधे.

चार सेकंदांच्या घुमाऱ्यात आवाज सेकंदाला 15 डेसिबलने उतरतो. म्हणजे सेकंदभर थांबलं, की मागच्या शब्दाची शेपूट पुढच्या शब्दाला झाकण्याइतकी जोरदार राहत नाही. म्हणून महत्त्वाच्या तुकड्यांमधे निदान एक सेकंद, आकड्यांमधे अर्धा सेकंद. सुरुवातीला घंटी वाजवत असाल तर तिच्यानंतर दोन सेकंद, आणि घंटी खर्जातली नको.

तुमचं वाक्य मी असं मोडेन:

"टोकन. (1 सेकंद) एक… चार… सात. (1 सेकंद) खोली तीन. (2 सेकंद) टोकन एक… चार… सात. (1 सेकंद) खोली तीन."

"क्रमांक" काढून टाकला, कारण त्यानं काहीच कळत नाही, घुमारा मात्र वाढतो. "एकशे सत्तेचाळीस" आणि "एकशे सदतीस" मागे बसलेल्याला सारखेच लागतात, म्हणून सुटे आकडे. तरी "सात" आणि "आठ" यांचा घोळ उरतोच: दोन्हींत "आ"च मोठा, फरक फक्त व्यंजनांचा, आणि तीच आधी हरवतात. म्हणून दोनदा सांगायचं.

रेकॉर्डिंग कोरडं हवं. गोधड्या टांगलेली लहान खोली, माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला. खोलीचाच घुमारा फाइलमध्ये शिरला तर तो नंतर काढता येत नाही. मग हे:

```
ffmpeg -i mool.wav -af "highpass=f=180,equalizer=f=350:t=q:w=1:g=-4,equalizer=f=2800:t=q:w=1:g=3" hall.wav
```

180 हर्ट्झखालचं उतरवायचं, कारण अशा हॉलमध्ये खालचा आवाज सगळ्यात जास्त वेळ घुमतो. 350 च्या आसपास 4 डेसिबल कमी केलं की डबक्यासारखा आवाज जातो, 2800 ला 3 वाढवलं की व्यंजनं पुढे येतात. "स" टोचू लागला तर हे 3 चं 1.5 करा.

भजनी_मंडळ
आमच्या देवळातही असंच होतं, माइक शिट्टी मारतो. 2800 वाढवल्यावर शिट्टी थांबेल का?

ध्वनी_बेळगाव
दादा, ती शिट्टी फीडबॅकची, वेगळी गोष्ट आहे. 2800 वाढवलात तर ती बहुतेक आणखी वाढेल. माइक स्पीकरच्या मागे न्या. इथे फाइल वाजते, माइक चालूच नसतो.

खानापूरकर
सगळी टोकनं वेगवेगळी रेकॉर्ड करणं जमणार नाही. सुटे आकडे जोडून चालेल का?

ध्वनी_बेळगाव
चालेल, पण प्रत्येक आकडा दोन सुरांत घ्या: पुढे आणखी आकडे आहेत असा, आणि शेवटचा, खाली उतरणारा. एकच सूर तिन्ही जागी लावला तर ऐकणारा शेवट कुठे ते ओळखत नाही आणि चौथ्या आकड्याची वाट बघत राहतो. कापताना शब्दाआधीचा श्वास काढा, पण "स"ची सुरुवात छाटू नका.

हुक्केरीकर
कन्नडमध्ये "मूरु" म्हणजे तीन, "आरु" म्हणजे सहा आणि "नूरु" म्हणजे शंभर. तिन्ही "रु"वर संपतात. सुटे आकडे घेतले की "नूरु" सुटतं, बाकी दोन राहतात. खोल्यांना आकड्यांऐवजी रंग द्या. मराठी लाल, कन्नड केंपु. दारावर त्याच रंगाचा कागद लावा.

मंडपवाला_निपाणी
बॉक्सऐवजी भोंगे लावले तर हेच सेटिंग?

ध्वनी_बेळगाव
नाही. भोंग्यात खालचा आवाज मुळातच नसतो आणि 2-3 किलोहर्ट्झ आधीच टोचतं, तिथली वाढ काढून टाका. त्यापेक्षा लहान बॉक्स हॉलच्या मध्यावर, लोकांच्या जवळ, डोक्याच्या थोडे वर आणि आवाज कमी ठेवून लावा. मागच्या भिंतीपर्यंत स्टेजवरून फेकू नका.

खानापूरकर
रंग पटला. आता प्रश्न क्रमाचा. पूर्ण घोषणा मराठीत आणि मग कन्नडमध्ये, की प्रत्येक तुकडा दोन्ही भाषांत?

हुक्केरीकर
तुकड्यातुकड्यानं घेतलं तर प्रत्येकाला आपला आकडा लवकर कळतो.

ध्वनी_बेळगाव
पण आकडे एकमेकांत मिसळतात. माझं मत पूर्ण मराठी, तीन सेकंद थांबून पूर्ण कन्नड. खात्री नाही. दोन्ही फाइली करून हॉलमध्ये मागच्या रांगेत ज्यांना टोकन माहीत नाही अशा दहा जणांना ऐकवा, ऐकू आलेला आकडा कागदावर लिहून घ्या. रिकाम्या हॉलमधेच तपासा. गर्दी झाली की वरचा घुमारा कमी होतो, खालचा फारसा नाही, म्हणून 180 ची कात्री काढू नका.