पोस्टमध्ये गिऱ्हाइकाची अडचण आधी, तुमचं नाव शेवटी

> "मी फौंड्री कन्सल्टंट. दर आठवड्याला पोस्ट टाकतो, पण जाहिरातच वाटते. काय लिहू?"

एका पोस्टमध्ये एकच बिघाड घ्या, आणि तोही त्या मोसमातला. बेळगावच्या उद्यमबागेत पावसाळ्यात कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे वायूमुळे पडलेली भोकं, येतात, तेव्हा सगळे आधी साच्याच्या वाळूवर संशय घेतात. मीही घेतला होता. वाळूतला ओलावा मोजला तर ठीक निघाला. दोष कोरमध्ये होता, म्हणजे कास्टिंग आतून पोकळ राहावं म्हणून साच्यात बसवतात त्या वाळूच्या ठोकळ्यात. सिलिकेटचे कोर आदल्या दिवशी करून रात्रभर शेडमध्ये ठेवलेले, त्यांनी हवेतली ओल ओढली होती. अर्धे कोर ओतण्याआधी तापवून सुकवले, अर्धे तसेच वापरले, आणि दोन्हींची कास्टिंग कापून शेजारी ठेवली. फरक डोळ्यांना दिसत होता.

मी एवढंच लिहिलं, चुकलेला अंदाजसुद्धा. मालकाला विचारून फोटो टाकला, पार्ट ओळखू येणार नाही असा. खाली 'संपर्क साधा' नाही. नाव, काम प्रोफाइलवर असतंच की.

लाइक मोजू नका, ते बहुतेक आपल्याच धंद्यातल्यांचे असतात. "आमचे कोर दोन दिवस पडून असतात, चालेल का?" असं कुणी विचारलं, तर पोस्ट योग्य माणसापर्यंत पोचली. त्याला तिथेच पूर्ण उत्तर द्या. 'फोन करा' म्हटलं की परत जाहिरात झाली बघा.