मदत हवी आहे: शाळेतल्या मुलांचे फोटो आणि नोंदी, नियमावली कशी लिहू?

खडूवाली
नमस्कार मंडळी. मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत शिकवते. फोटो आणि नोंदींबाबत दोन पानी नियमावली करण्याचं काम माझ्या गळ्यात पडलंय. झालं असं, की स्नेहसंमेलनाचे साडेचारशे फोटो लिपिकांनी त्यांच्या स्वतःच्या गूगल ड्राइव्हवर टाकले आणि लिंक सातवीच्या पालकांच्या ग्रुपवर दिली. एका आईनं ती भावाला पाठवली, त्यानं गावच्या ग्रुपवर टाकली. तीन आठवड्यांनी दुसऱ्याच एक बाई शाळेत आल्या. त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहतात, मुलाची शाळा त्यांनी कुणाला सांगितलेली नव्हती. फोटो मोठा करून पाहिला तर मुलाच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर शाळेचं नाव आणि बसचा थांबा चक्क वाचता येतो. वडील त्या थांब्यावर येऊन उभे राहिले होते. लिंक बंद केलीय. नियमावलीत काय लिहू?

पोस्टमन_दादा
एवढं काय त्यात? प्रवेश अर्जावरच 'फोटो वापरायला हरकत नाही' असं छापायचं, सही घ्यायची, विषय संपला. आणि तो वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा अजून लागू नाही.

सावंत_सर_निवृत्त
दादा, अर्धंच बरोबर. कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत आहे. पण आत्ता लिहायची नियमावली त्यात बसणारीच हवी ना? अठरा वर्षांखालच्या मुलासाठी पालकाची संमती लागते, ती कशासाठी ते सांगून घ्यावी लागते आणि देणं जेवढं सोपं तेवढंच मागे घेणंही सोपं ठेवावं लागतं. अर्जाच्या तळाशी छापलेल्या एका ओळीत हे बसत नाही.

खडूवाली, संमतीपत्रावर चार वेगळे चौकोन ठेवा: शाळेतला फलक, वर्गाच्या पालकांना पाठवणं, शाळेचं फेसबुक पान, वर्तमानपत्र. प्रत्येकासमोर हो किंवा नाही. 'नाही' म्हणणाऱ्याच्या मुलाला नाचातून वगळायचं नाही, हेही लिहा. आमच्याकडे एकदा हीच चूक झाली. नकार असलेल्या मुलीला मागच्या रांगेत उभं केलं आणि ती घरी जाऊन रडली. खरं तर नकाराची यादी फोटो काढणाऱ्याच्या हातात हवी, ऑफिसच्या कपाटात नव्हे. आणि फोटोच्या आधी ओळखपत्रं काढून ठेवायची. या एका ओळीनं तुमचा प्रसंग टळला असता.

नेटकरी_नाशिक
लिंकबद्दल मी सांगतो. ड्राइव्हवर `Anyone with the link` निवडलं की लिंक हाती पडेल त्याला फोटो दिसतात, मग तो पालक असो वा नसो. `Restricted` करून पालकांचे ईमेल एकेक घालावे लागतात. कंटाळवाणं आहे, पण वर्गाला एकदाच करायचं. आत्ता `Restricted` केलंत तरी ज्यांनी आधी उतरवून घेतले त्यांच्या फोनमधले फोटो परत येत नाहीत. त्या बाईंना हे स्पष्ट सांगा, खोटा दिलासा देऊ नका.

लिपिकांच्या खात्यातून सगळं उतरवून शाळेच्या खात्यात न्या, मग जुनं पुसून कचराकुंडीही रिकामी करा, नाहीतर ते तिथे तीस दिवस राहतं. उद्या लिपिक बदली होऊन गेले तर शाळेचे फोटो त्यांच्याच खिशात.

आई_दोघांची
माझ्या मुलाच्या दाखल्यावर जन्मतारीख चुकलीय, शाळा दुरुस्त करत नाही. कुणाकडे तक्रार करू?

सावंत_सर_निवृत्त
ताई, तो वेगळा विषय आहे, वेगळा धागा काढा, तिथे सांगतो. पण दाखल्यावरून आठवलं. मुलांच्या नोंदींचं जनरल रजिस्टर कागदावर आहे तोवर या डेटा कायद्याचा त्याच्याशी संबंध येत नाही, पण पानाचा मोबाइलनं फोटो काढला की ती माहिती डिजिटल झाली. एका पालकाला नोंद पाठवताना आमचे लिपिक अख्खं पान पाठवायचे. त्यात दहा-बारा मुलांची जात, जन्मतारीख, सगळं! आता बाकीच्या ओळी कोऱ्या कागदानं झाकून फोटो काढतात.

खडूवाली
हे सगळं घेते. एक अडलंय. वडील लेखी अर्ज करून मुलाच्या गुणपत्रिकेची प्रत मागतायत. आई म्हणतात देऊ नका.

सावंत_सर_निवृत्त
शाळेनं न्यायाधीश होऊ नये. आईंकडे कोर्टाचा ताबा किंवा भेटीबाबतचा आदेश असेल तर त्याची प्रत मागा, फाइलला लावा आणि त्याप्रमाणे वागा. आदेश नसेल तर आई नको म्हणतात एवढ्यावर वडिलांना नकार देणं अवघड आहे. मात्र गुणपत्रिका द्यावी लागली म्हणून बसचा थांबा, घरचा पत्ता किंवा आईंचा नंबर द्यावा लागत नाही. उत्तर देण्याआधी संस्थेच्या वकिलांना विचाराच.

पोस्टमन_दादा
बरं, मान्य. पण पालक स्वतः मोबाइलवर नाच चित्रित करून टाकतात, त्याचं काय करणार? तिथे शाळेचा हात पोचत नाही.

नेटकरी_नाशिक
घरगुती वापरासाठी कुणी व्यक्तीनं चित्रित केलं तर त्याला हा कायदा लागत नाही. जाहीर पानावर टाकलं की तो घरगुती वापर राहतो का, यावर आमच्याच संस्थेत दोन मतं आहेत. आम्ही फक्त सुरुवातीला माइकवर विनंती करतो. निम्मे ऐकतात.

खडूवाली
मीही विनंतीच लिहिते. बसचालकांना आज सांगून त्या मुलाचा थांबा बदलून घेतला. आता आमच्या फेसबुक पानावर २०१६ पासूनचे फोटो आहेत, तेव्हाची संमती कुणाचीच नाही. मुख्याध्यापक म्हणतात पान पुसू नका, शाळेचा इतिहास आहे. कुणी यातून वाट काढलीय का?