सगळे धागे जुळलेच पाहिजेत का?
"हार्डबॉइल्ड, कोझी आणि प्रोसिजरल, रहस्यकथांच्या या तिन्ही प्रकारांत शेवटी खुनी सापडतोच, मग फरक फक्त वातावरणाचाच ना?"

नाही पटलं. रेमंड चँडलरच्या १९३९ च्या 'द बिग स्लीप' या हार्डबॉइल्ड कादंबरीत गाडीसकट समुद्रात सापडलेल्या ड्रायव्हरला कुणी मारलं हे शेवटपर्यंत पक्कं कळतच नाही. अप्पा बळवंत चौकातून जुनी प्रत आणली होती, मी त्या ड्रायव्हरसाठी शेवटची पानं दोनदा वाचली, पण पुस्तक तरीही आवडलं, कारण हार्डबॉइल्डमध्ये मार्लोसारखा खाजगी डिटेक्टिव्ह एकटाच मार खात त्या सडक्या शहरातून कसा जातो तेच बघायचं असतं. अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलसारख्या, छोट्या गावात घडणाऱ्या कोझीत असा धागा सुटला तर वाचक चिडणारच, तिथे गावगप्पांतला बारीकसा तपशीलही शेवटी जुळावा लागतो. आणि पोलिसी तपास दाखवणाऱ्या प्रोसिजरलमध्ये एकच हुशार डोकं नसतं, एड मॅकबेनच्या कादंबऱ्यांतल्या ८७व्या प्रिसिंक्ट या पोलीस ठाण्यात सगळी टीम दारोदार चौकशी करत, लॅबच्या रिपोर्टची वाट बघत बसते.