‘प्रकटन’, ‘ऋणनिर्देश’ आणि ‘तपासला’

उपसंपादक, शनिवार पेठ : एआयच्या साधनाने मसुदा लिहिलेल्या बातमीच्या तळाशी तसे छापावे, असा नियम आमच्या दैनिकाने केला आहे. ‘डिस्क्लोजर’साठी मी ‘प्रकटन’ योजले. वरिष्ठांनी ते खोडून ‘ऋणनिर्देश’ केले. परवा महापालिकेच्या पत्रकात ‘गुरुवारी पाणीपुरवठा बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने’ असे असताना साधनाच्या मसुद्यात दोन्ही दिवस बंद झाले. ते मी सुधारले. आता तळाशी काय लिहावे?

निवृत्त मुद्रितशोधक : ऋण माणसाचे असते, यंत्राचे कसले? बाकी, ‘मसुदा’ हा शब्द ज्या अरबी शब्दावरून आला त्याचा अर्थच ‘काळे केलेले’ असा आहे, तेव्हा कागद कोणी काळा केला एवढे सांगितले की पुरे.

वकील : ‘प्रकटन’ म्हटले की पुणेकराला सदनिकेच्या व्यवहाराचे जाहीर प्रकटनच आठवते. मग हरकतीसाठी 14 दिवसांची मुदतही द्या. आमच्याकडे मुदतीवाचून प्रकटन ग्राह्य धरत नाहीत.

प्राध्यापिका : इथे हरकतींचा प्रश्नच नाही. मात्र वरिष्ठ सर्वस्वी चुकले नाहीत. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती (आयसीएमजेई) लेखनासाठी घेतलेली एआयची मदत ऋणनिर्देशाच्या विभागातच नोंदवायला सांगते. विदा-विश्लेषणासाठी ते वापरले असेल, तर नोंद कार्यपद्धतीत जाते. साधनाला लेखक मात्र म्हणता येत नाही, कारण मजकुराची जबाबदारी ते घेऊ शकत नाही.

मुद्रितशोधक : शोधनिबंधाला ऋणनिर्देशाचा विभाग असतो. चार परिच्छेदांच्या बातमीला कुठून आणणार?

माजी वृत्तसंपादक : नामावरून भांडण्यापेक्षा क्रियापद पाहा. ‘सीनेट’ या अमेरिकी संकेतस्थळाच्या अर्थविषयक लेखांवर लेखक म्हणून कर्मचारीवर्गाचे नाव होते, आणि त्यावर टिचकी मारली तरच लेख स्वयंचलित तंत्राने तयार करून संपादकाने कसून तपासल्याचे दिसे. 2023च्या जानेवारीत एका लेखात 10,000 डॉलरवर 3 टक्क्यांनी वर्षाला 10,300 डॉलर मिळतात असे आढळले, मिळकत 300ची. पुढे 77पैकी 41 लेखांत दुरुस्त्या कराव्या लागल्या. ‘तयार केला’ हे खरे होते; ‘तपासला’ हे खोटे ठरले. आपल्याकडेही ‘कॉपी पाहिली’ म्हणजे बहुधा वाक्यरचना पाहिली. पत्रकाशी ताडून पाहणे हे वेगळे काम आहे आणि ‘दोन्ही दिवस बंद’ हे वाक्य व्याकरणात अगदी निर्दोष आहे.

उपसंपादक : मग असे चालेल का? ‘या बातमीचा मसुदा एआयच्या सहाय्याने लिहिला असून उपसंपादकाने तो मूळ पत्रकाशी ताडून पाहिला आहे.’

प्राध्यापिका : चालेल, पण ज्या दिवशी ताडायला वेळ मिळाला नाही त्या दिवशी उत्तरार्ध काढावा लागेल, आणि वरिष्ठ तो काढू देतील का?

मुद्रितशोधक : ‘सहाय्याने’ नव्हे, ‘साहाय्याने’. हे मात्र यंत्राने लिहिलेले नसावे.